ब्लूटूथ टेदरिंग: पेअरिंग होऊनही इंटरनेट का मिळत नाही?

«फोन आणि लॅपटॉप ब्लूटूथने पेअर झाले की नेट आपोआप सुरू होतं. नाही झालं तर लॅपटॉपचा ब्लूटूथ ड्रायव्हर बिघडलाय असं समजा, तो काढून पुन्हा टाका आणि पेअरिंग परत करा. तरीही येत नसेल तर सिमकार्ड कंपनीनेच टेदरिंग बंद केलंय.»

टेदरिंग म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपवर वापरणे; ते ब्लूटूथने जमत नसेल तेव्हा दिला जाणारा हा सल्ला. यातील पहिलेच वाक्य चुकीचे आहे आणि पुढचे सगळे उपाय त्या चुकीवर उभे आहेत. पेअरिंगमध्ये दोन उपकरणे एकमेकांची ओळख पटवतात आणि पुढील संपर्क सुरक्षित राहावा म्हणून एक किल्ली साठवून ठेवतात. गाणी ऐकायची, फाइल पाठवायची की नेट घ्यायचे, हे त्यानंतर ठरते आणि त्या त्या सेवेची जोडणी स्वतंत्रपणे व्हावी लागते. नेटची सेवा म्हणजे पर्सनल एरिया नेटवर्क, थोडक्यात ‘पॅन’. तिच्यात फोन प्रवेशद्वार होतो आणि लॅपटॉप त्यातून बाहेर जातो. लॅपटॉपवर फोनच्या नावाखाली ‘Paired’ दिसत असताना ही जोडणी झालेलीच नसणे अगदी शक्य आहे आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेच असते.

अँड्रॉइड फोन आणि विंडोज लॅपटॉप अशी नेहमीची जोडी घेऊ. फोनमध्ये मोबाइल डेटा सुरू करून हॉटस्पॉटच्या सेटिंगमधील ‘Bluetooth tethering’ हे बटण चालू करावे. फोनचे ब्लूटूथ बंद करून पुन्हा लावल्यावर हे बटण अनेकदा बंद झालेले आढळते, म्हणून काल चाललेली जोडणी आज चालत नाही. मग लॅपटॉपच्या टास्कबारवरील ब्लूटूथच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘Join a Personal Area Network’ निवडावे, उघडलेल्या खिडकीत फोन निवडावा आणि ‘Connect using’ मधून ‘Access point’ घ्यावे. ही शेवटची पायरी पेअरिंगमध्ये येत नाही. ती हातानेच करावी लागते.

ड्रायव्हरला दोष देण्यापूर्वी लॅपटॉप स्वतः काय सांगतो ते पाहावे. कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा द्यावी:

```
ipconfig
```

उत्तरात ‘Bluetooth Network Connection’ असा भाग दिसतो. त्याखाली ‘Media disconnected’ असेल, तर पॅनची जोडणी झालेलीच नाही. वरच्या पायऱ्या पुन्हा कराव्यात. 169.254 ने सुरू होणारा पत्ता असेल, तर जोडणी झाली, पण फोनकडून पत्ता मिळाला नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला; अशा वेळी फोनवरील टेदरिंगचे बटण बंद-चालू करून पुन्हा जोडावे. अँड्रॉइड फोनकडून बहुधा 192.168.44 ने सुरू होणारा पत्ता येतो. तो आला असेल, तर ड्रायव्हर आपले काम नीट करतो आहे आणि तो काढून टाकण्यात वेळ घालवू नये. ड्रायव्हरवर संशय घ्यावा तो हा भागच यादीत नसेल तेव्हा.

पत्ता बरोबर असूनही पान उघडत नाही, असाही एक प्रसंग असतो आणि तो फसवा आहे. घरातील राउटरचे नेट गेले म्हणून आपण फोन ब्लूटूथने जोडतो, पण लॅपटॉप त्याच राउटरच्या वायफायला जोडलेला राहतो. ब्लूटूथची जोडणी वायफायपेक्षा कितीतरी मंद असल्याने विंडोज वायफायचा मार्ग पसंत करतो आणि सगळी मागणी त्या बंद राउटरकडे पाठवत राहतो. लॅपटॉपचे वायफाय बंद केले की काही क्षणांत पाने उघडू लागतात. मंद, पण उघडतात. इथे सेकंदाला फार तर दोन मेगाबिटच्या आसपास वेग मिळतो, तेव्हा मेल आणि साधी पाने एवढीच अपेक्षा ठेवावी.

पेअरिंग पुन्हा करण्याचा सल्ला मात्र एका परिस्थितीत योग्य आहे. ‘Connect using’ हा पर्यायच दिसत नसेल, तर दोन्हीकडील जुनी नोंद काढावी, आधी फोनवरील टेदरिंगचे बटण चालू करावे आणि मगच पेअरिंग करावे. बटण बंद ठेवून कितीही वेळा पेअरिंग केले तरी नेट मिळणार नाही.

सिमकार्ड कंपनीबद्दलचा आरोप तपासणे सोपे आहे. त्याच सिमवर, त्याच लॅपटॉपला फोनचा वायफाय हॉटस्पॉट जोडून पाहावा. दोन्ही मार्गांनी आलेली मागणी फोन सारख्याच रीतीने मोबाइल नेटवर्ककडे पुढे पाठवतो, त्यामुळे हॉटस्पॉट चालत असेल तर अडचण फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्येच आहे. हॉटस्पॉटही चालत नसेल आणि फोनवर मात्र नेट येत असेल, तेव्हाच आपल्या प्लॅनमध्ये टेदरिंगची मुभा आहे का, हे कंपनीला विचारावे.