पांढरी चार आणि पांढरी सात: मोड्सच्या मेसेजला उत्तर

«मोड्सचा उगाच बाऊ करू नका! सगळे चर्च मोड म्हणजे सी मेजरच, फक्त वेगळ्या पट्टीपासून सुरू केलेला. रे पासून वाजवा, डोरियन झाला. प पासून वाजवा, मिक्सोलिडियन झाला. प्रत्येक मोडचा एक खास सूर असतो, तो जास्त वेळा वाजवला की रंग आलाच. आणि आपल्याकडे हे सगळं आधीपासून आहे: डोरियन म्हणजे राग काफी, मिक्सोलिडियन म्हणजे राग खमाज. पुढे पाठवा.»

नौपाड्यात मी हार्मोनियम आणि कीबोर्ड दोन्ही शिकवतो. हा मेसेज गेल्या महिन्याभरात मला चार पालकांनी पाठवला, आणि त्यावर विसंबून वाजवणारी दोन मुलंही वर्गात आली. त्यातलं सगळंच खोटं आहे असं नाही. पट्ट्या त्याच असतात, हे खरंच आहे. पण मोड म्हणजे त्याच सुरांतला कुठला सूर सा मानला यावरून बनणारी सुरावट, आणि जिथे मोड सुरू होतो नेमकं तिथेच मेसेज थांबतो.

सुरुवातीच्या पट्टीपासून बघू. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए आणि सात बी. कोपरीहून येणारा एक मुलगा पांढरी दोनपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत अगदी स्वच्छ वाजवत होता. मी म्हटलं, आता याच सुरांत चार ओळी मनाने वाजव. त्याने वाजवल्या, आणि प्रत्येक ओळ शेवटी पांढरी एकवर येऊन बसली. सुरुवात डोरियनची, मुक्काम सी मेजरचा! त्याला सांगितलं, डोळे मीट आणि ज्या सुरावर आता घरी आल्यासारखं वाटतंय तो गुणगुण. त्याने सी गुणगुणला. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते. गुणगुणलेला सूर डी नसेल, तर बोटं कुठूनही सुरू झालेली असोत, तो डोरियन नाही.

मग डाव्या हाताने पांढरी दोन आणि पांढरी सहा दाबून धरायला लावल्या, म्हणजे तानपुऱ्याचे सा आणि प झाले. उजव्या हाताने तेच सूर. पाच मिनिटांत त्याच पट्ट्यांचा चेहरा बदलला. नंतर डावा हात पांढरी पाच आणि पांढरी दोनवर नेला, उजवा तसाच ठेवला, आणि मिक्सोलिडियन ऐकू आला. सुरुवातीची पट्टी कुठेच बदलली नव्हती, बदलला होता तो सा.

हे नवं नाही. मध्ययुगातल्या चर्चच्या गायकांनी आठ मोड मानले होते, आणि ते ओळखायचे ते चाल कुठे संपते यावरून. तो शेवटचा सूर, चालीचा पल्ला, आणि पाठ म्हणताना ज्या सुरावर आवाज रेंगाळतो तो सूर, अशा तीन गोष्टी बघितल्या जायच्या. मेसेज लिहिणाऱ्याने आठवा मोड जरूर बघावा. त्याचा पल्ला डी ते डी. पहिल्या मोडचा, म्हणजे डोरियनचा, पल्लाही डी ते डी. पट्ट्या त्याच, पल्लाही तोच. पण पहिला डीवर संपतो आणि ए वर रेंगाळतो, तर आठवा जी वर संपतो आणि सी वर रेंगाळतो, म्हणून तो मिक्सोलिडियनच्या घरातला. «कुठून सुरू केलं» या कसोटीवर हे दोघं एकच ठरतात. त्या काळच्या एखाद्या शिकाऊ मुलाने असं सांगितलं असतं तर गुरुजींनी कान धरला असता.

आता खास सूर. मेसेजमधलं मला सगळ्यात खटकणारं वाक्य हेच, कारण ते अर्धं बरोबर आहे आणि त्यामुळे जास्त गोंधळ घालतं.

डोरियनचा खास सूर शुद्ध ध आणि मिक्सोलिडियनचा कोमल नि, असं पुस्तकात असतं. पण हे तुलनेतून आलेलं उत्तर आहे. डोरियन ठेवा नॅचरल मायनरच्या शेजारी: फरक फक्त ध चा. पांढरी दोनचा सा धरून पांढरी सातऐवजी काळी पाच वाजवली की डोरियनचा नॅचरल मायनर होतो. मिक्सोलिडियन ठेवा मेजरच्या शेजारी: फरक फक्त नि चा. पांढरी पाचचा सा धरून पांढरी चारऐवजी काळी तीन घेतली की सरळ मेजर. म्हणजे खास सूर हा शेजाऱ्यापासून वेगळं पाडणारा सूर. एकट्याने तो काही सांगत नाही. कोमल नि तर डोरियनमध्येही आहेच, मग तो वाजवल्याने मिक्सोलिडियन कसा होईल? आणि शुद्ध ध मिक्सोलिडियनमध्येही आहे.

रंग येतो तो खास सूर आणि ग यांच्या जोडीने. डोरियनमध्ये कोमल ग च्या जोडीला शुद्ध ध. मिक्सोलिडियनमध्ये शुद्ध ग च्या जोडीला कोमल नि. आता गंमत बघा. पांढरी दोनच्या सा वरून कोमल ग म्हणजे पांढरी चार, शुद्ध ध म्हणजे पांढरी सात. पांढरी पाचच्या सा वरून शुद्ध ग म्हणजे पांढरी सात, कोमल नि म्हणजे पांढरी चार. दोन्हीकडे त्याच दोन पट्ट्या! एका सप्तकाच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये सा पासून तीव्र म इतकं ओढाताणीचं अंतर फक्त याच दोघींमध्ये आहे. एफ चा सा केला तर याच पट्ट्या सा आणि तीव्र म होतात, आणि तो लिडियन. ई चा सा केला तर पांढरी चार कोमल रे होते, पांढरी सात नुसता प उरते, आणि तो फ्रिजियन. सा सरकला की याच जोडीचं नातं बदलतं, आणि मोडचा रंगही.

आणि हीच जोडी घात करते. बी वरच्या सी कडे ओढतो, एफ खालच्या ई कडे. दोघं एकदम वाजले आणि ही ओढ पुरी झाली की कान सी मेजरला पोचतो. म्हणून «खास सूर जास्त वाजवा» हा सल्ला उलटा पडतो. कोपरीच्या मुलाचं तेच झालं होतं. तो बी मनापासून वाजवत होता, पण प्रत्येक वेळी त्यावरून सी वर चढून थांबत होता. डोरियनचा खास सूरच त्याला डोरियनबाहेर नेत होता. ओळ बदलायला सांगितली: सा, कोमल ग, म, प, ध, आणि ध वरून पुन्हा प वर उतर, मग म, कोमल ग, रे, सा. ध वर क्षणभर थांबायचं, पण उतरायचं प वर. त्या ओळीत ध फक्त एकदाच येतो, तरी डोरियन लगेच ओळखू येतो.

कॉर्ड वाजवणाऱ्यांसाठीही तेच. डोरियनमध्ये डी मायनर आणि जी मेजर आलटून पालटून वाजवा, ध जी मेजरच्या मधोमध बसलेला असतो. पण जी मेजरला सेव्हन्थ लावलीत की त्यात एफ येतो, बी आणि एफ एकत्र होतात, आणि ऐकणारा सी ची वाट बघायला लागतो. साधा जी मेजर ठेवा आणि प्रत्येक वेळी डी मायनरवर परत या. मिक्सोलिडियनमध्ये धोका आणखी जवळ आहे, कारण तिथे सा च्याच कॉर्डला कोमल नि जोडला की तो जी सेव्हन होतो. त्याऐवजी कोमल नि वेगळ्या कॉर्डमध्ये द्या: एफ मेजर वाजवून जी मेजरवर या. पूर्ण स्वराच्या पायरीने सा वर चढणारी ती चाल ऐकली की कुणाला नाव सांगावं लागत नाही. आणि डी मेजर टाळा. त्यात काळी तीन म्हणजे शुद्ध नि येतो, आणि मिक्सोलिडियन तिथेच संपतो.

एक टीप राहिली, आणि ती मला स्वतःला फार आवडते. खुद्द चर्चच्या जुन्या गायनात डोरियनचा हा «खास» ध कैकदा कोमलच गायला जायचा. चाल ए वरून एकच सूर वर जाऊन लगेच ए वर परतत असेल, तर तो सूर बी फ्लॅट घ्यायची रीत होती, कारण एफ आणि बी ची ओढाताण गायकांना नको असायची. त्यांच्याकडे बी दोन होते, मऊ आणि कठीण. मऊ गोलसर लिहायचे, कठीण चौकोनी. आजची फ्लॅट आणि नॅचरलची चिन्हं त्या दोन आकारांतूनच आली. आयोनियन आणि एओलियन, म्हणजे ज्यांना आपण मेजर आणि नॅचरल मायनर म्हणतो, त्यांना मोडच्या यादीत जागा ग्लारेआनुस या स्विस संगीत अभ्यासकाने 1547 मध्ये करून दिली. शुद्ध ध ला डोरियनची ओळख मानणारा कान मेजर-मायनरवर वाढलेला आहे. जुन्या गायकाला ती ओळख पटली नसती.

राहिला काफी आणि खमाजचा मुद्दा. तो थाटापुरता, म्हणजे सुरांच्या संचापुरता, मान्य. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी काफीचे सूर डोरियनचे, खमाजचे मिक्सोलिडियनचे. पण मेसेजमध्ये «राग» लिहिलंय, आणि तिथे तो फसतो. राग खमाजमध्ये चढताना शुद्ध नि लागतो, कोमल नि उतरताना. मिक्सोलिडियनमध्ये शुद्ध नि ला जागाच नाही. त्याच काफी थाटातले दोन राग घ्या. बागेश्रीत ध वर थांबता येतं, म ध नि ध ही त्याची ओळखीची वळणं. भीमपलासीत चढताना रे आणि ध दोन्ही गाळायचे, ध फक्त उतरताना जाता जाता लावायचा. सूर तेच, शुद्ध ध तोच. एका रागात तो दिवाणखान्यात बसतो, दुसऱ्यात दारावरूनच पुढे जातो.

मेसेज वाचून आलेली दुसरी मुलगी कीबोर्डची. घरी आजीकडे भीमपलासी शिकते. मोडचा खास सूर म्हणून तिने ध वर मस्त मुक्काम केला, आणि आतल्या खोलीतून आजी म्हणाल्या, «अगं, ही बागेश्री कुठून आली?»