नॉमिनी, वारस आणि कागदी शेअर्स : फिरणाऱ्या संदेशाला मुद्द्यांनुसार उत्तर

«वडिलांच्या शेअर्सवर ज्याचं नॉमिनी म्हणून नाव आहे तोच मालक, बाकीच्या वारसांनी विसरून जायचं. नॉमिनी नसेल तर कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट आणल्याशिवाय कंपनी कागद हातातही घेत नाही. आणि वारस म्हणजे बायको-मुलं, त्यांच्या सह्या झाल्या की काम झालं.»

नाशिकच्या अनेक ग्रुपांवर हा मजकूर फिरतो आहे. यातलं एकही वाक्य बरोबर नाही आणि त्यामुळे घराघरांत नुकसान होतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मालकीच्या मुद्द्याला एक इतिहास आहे. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने कोकाटे प्रकरणात नॉमिनीच्या बाजूने निकाल दिला होता. पतीने पुतण्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं होतं आणि विधवा पत्नीला त्या शेअर्सवर हक्क सांगता आला नाही. हा समज तिथूनच पक्का झाला. पण २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती भूमिका नाकारली. पुढे १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात वाद मिटवला. हा खटला 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरूनच उभा राहिला होता. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कंपनी कायद्यातलं नामनिर्देशन ही वारसाहक्काची तिसरी वाट नाही. मालकी ठरते ती मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने.

मग नॉमिनीचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, पण तो मालकी ठरवण्यात नाही. कंपनी कोणाच्या नावावर शेअर्स नोंदवून मोकळी होणार, हे नामनिर्देशनाने ठरतं. नॉमिनीला ISR-5 हा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि स्वतःच्या सहीची पॅनची प्रत एवढ्यावर शेअर्स नावावर करून मिळतात. इतर वारसांच्या सह्या कंपनी मागत नाही. त्यानंतर वारसांनी आपला हिस्सा नॉमिनीकडे मागायचा, कंपनीकडे नाही. त्याने दिला नाही तर दिवाणी दावा. तेव्हा «नाव लागलं, आता माझंच» असं कोणी म्हणत असेल तर ते कायद्यात बसत नाही.

संदेशाचा खरा घोळ नॉमिनी नसलेल्या शेअर्सबद्दल आहे. सेबीच्या नियमांनुसार कागदी शेअर्सची किंमत एका कंपनीत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर कोर्टाच्या कागदाविना काम होतं. आधी ही मर्यादा २ लाख होती, २०२२ मध्ये वाढवली. डिमॅट खात्यातल्या शेअर्ससाठी ती प्रत्येक खात्यामागे १५ लाख आहे, आणि तिथे अर्ज कंपनीकडे न करता ज्याच्याकडे खातं आहे त्या डीपीकडे करायचा असतो.

समजा, पंचवटीतले एक निवृत्त गृहस्थ गेले. मागे पत्नी, मुलगा, लग्न होऊन पुण्याला असलेली मुलगी आणि निफाडला राहणारी आई. मृत्युपत्र नाही, नॉमिनी नाही. कपाटात दोन कंपन्यांची जुनी सर्टिफिकेटं निघाली. एका कंपनीचे ४०० शेअर्स, भाव ९०० रुपये, म्हणजे ३ लाख ६० हजार. दुसऱ्या कंपनीचे २५० शेअर्स, भाव २,८०० रुपये, म्हणजे ७ लाख. बेरीज १० लाख ६० हजार होते म्हणून घरचे लोक थेट सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात वकील शोधायला निघतात. पण मर्यादा प्रत्येक कंपनीमागे मोजायची असते, बेरजेवर नाही.

पहिल्या कंपनीसाठी कोर्टाची गरजच नाही. पत्नीच्या नावावर करायचं ठरलं, तर तिने ISR-5, महापालिकेकडून मिळालेला मृत्यूचा दाखला, पॅनची प्रत आणि मूळ शेअर सर्टिफिकेटं द्यायची. सोबत सर्व वारसांचं स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, नाव न लावणाऱ्या वारसांची ना हरकत किंवा सगळ्यांनी केलेला कौटुंबिक वाटणीचा करारनामा, आणि नोटरी केलेला इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढे कोणी दावा केला तर कंपनीचं नुकसान भरून देण्याची लेखी हमी. ना हरकतीचा मजकूर मात्र मुलीने आणि आईने नीट वाचूनच सही करावी. फक्त नाव लावायला संमती देणं आणि आपला हिस्साच सोडून देणं यात फार अंतर आहे, आणि घाईत ही सही दुसऱ्याच अर्थाची होऊन बसते.

दुसऱ्या कंपनीची किंमत मर्यादेच्या वर आहे, त्यामुळे तिथे सक्सेशन सर्टिफिकेट किंवा वारस दाखला लागेल. वारस दाखला दिला तर इंडेम्निटी बाँड आणि ना हरकतही द्यावी लागते. सक्सेशन सर्टिफिकेटला त्यांची जोड लागत नाही. मृत्युपत्र सापडलं असतं तर तेही इंडेम्निटी बाँडसह देता आलं असतं. किंमत धरतात ती अर्जाच्या तारखेची, मृत्यूच्या तारखेची नव्हे. पहिल्या कंपनीचा भाव १,२५० रुपयांच्या वर गेला की ४०० शेअर्स ५ लाख ओलांडतात आणि तेच काम कोर्टात जातं. कंपनीला स्वतःची मर्यादा वाढवण्याची मुभा असते, पण त्या भरवशावर थांबू नये.

राहिला वारसांचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकत असावेत. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गात पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर मृताची आईही येते. वडील येत नाहीत, आई येते. वरच्या उदाहरणात चौघांचा प्रत्येकी पाव हिस्सा. लग्न झालेली मुलगी पूर्ण वारस आहे. निफाडच्या आजींना वगळून केलेलं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं, आणि ते उघड झाल्यावर इंडेम्निटी बाँडवर सही करणाऱ्याच्या अंगाशी येतं.

याहून अवघड गोष्ट अशी की या गृहस्थांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी आजी वारल्या, आणि अर्ज त्याच्याही नंतर केला, तर आजींचा पाव हिस्सा आपोआप सुनेकडे वळत नाही. तो आजींच्या वारसांकडे जातो, म्हणजे काका, आत्या आणि मृत मुलाची मुलं. आता काका आणि आत्यांच्याही सह्या लागतात. हयात असताना आजींची एक सही पुरली असती.

कागद गोळा करताना नावंही जुळवून घ्या. सर्टिफिकेटवर «दत्तात्रय आर.» आणि मृत्यूच्या दाखल्यात «दत्तू रामचंद्र» असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा पुरावा आधीच जोडावा, नाहीतर कंपनीच्या शेअर्सची नोंद ठेवणारं रजिस्ट्रार कार्यालय त्रुटीपत्र पाठवतं. पूर्ण कागद मिळाल्यावर कागदी शेअर्ससाठी २१ दिवसांत काम करायचं बंधन आहे. नव्या नावाचं कागदी सर्टिफिकेट आता मिळत नाही, शेअर्स डिमॅटमध्येच येतात, म्हणून नाव लावणाऱ्याचं डिमॅट खातं आधी उघडून ठेवावं.

सलग ७ वर्षं लाभांश उचललेला नसेल तर शेअर्स आयईपीएफ या सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग झालेले असतात. तेव्हाही पहिला अर्ज कंपनीकडेच. वरचेच वारसाचे कागद देऊन तिच्याकडून हक्काचं पत्र घ्यायचं आणि मग IEPF-5 हा अर्ज भरायचा. म्हणून सर्टिफिकेटं सापडली की पहिल्याच दिवशी रजिस्ट्रारला फोलिओ क्रमांक कळवून शेअर्स अजून कंपनीकडे आहेत की आयईपीएफकडे गेलेत, हे लेखी विचारून घ्यावं.