व्हॅलिडिटी आली तरी कॉलेजला माझा भाऊ ओपनच पाहिजे

डोकं फिरलंय माझं आज. कागद आणला नाही तेव्हा म्हणाले कागद कुठाय, आणि आता कागद हातात घेऊन गेलो तर म्हणतात याचं काय करू. मग जातीची व्हॅलिडिटी काढायची कशाला, भिंतीवर फ्रेम करून लावायला?

धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्ही माळी, म्हणजे ओबीसी. बारावीला असतानाच ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीने नमुना 16 चा अर्ज गेला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र गेलं, पप्पांचा दाखला गेला, आणि ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो म्हणून गावच्या जुन्या मराठी शाळेतून पणजोबांचा प्रवेश निर्गम उतारा काढून तोही जोडला. त्यात जातीच्या रकान्यात स्वच्छ माळी लिहिलंय, 1938 ची नोंद. यापेक्षा जास्त काय पाहिजे? पण नाही, जात पडताळणी समितीकडून त्रुटी. उताऱ्यात नाव नामा आहे आणि वंशावळीत नामदेव, मग हे दोघं एकच माणूस कशावरून? अहो त्या काळी मास्तरांनी जे ऐकलं ते लिहिलं, आता पणजोबांना कुठून आणू विचारायला? माझ्या सख्ख्या चुलत भावाला याच समितीने, याच उताऱ्यावर, याच नामाच्या नावावर काही वर्षांपूर्वी व्हॅलिडिटी दिलेली आहे, त्याची झेरॉक्सपण फाईलला होती. तरी परत प्रतिज्ञापत्र करा, परत सुनावणीला या, आणि सुनावणीच्या दिवशी कळतं की अध्यक्षांकडे शेजारच्या जिल्ह्याचापण चार्ज आहे, ते आज तिकडे आहेत.

इकडे इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड कुणासाठी थांबत नाहीत. सुरुवातीला समितीकडे अर्ज केल्याची पावती चालते, पण शेवटच्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र अपलोड झालं नाही की सिस्टम तुम्हाला सरळ ओपन करून टाकते. मुदतवाढ कधी मिळते कधी नाही, कुणाला मिळते कुणाला नाही. 2024 च्या जुलैमध्ये मराठा मुलांना एसईबीसीसाठी व्हॅलिडिटी द्यायला सहा महिने दिले होते, म्हणजे ठरवलं की जमतं सगळं. आमच्या वेळी तारीख गेली ती गेली. भाऊ ओपन झाला, ओबीसीतून जे कॉलेज लागलं असतं ते हातचं गेलं. पुढच्या राउंडला पोराने स्वतःच्या पर्सेंटाइलवर ओपनची सीट मिळवली, जरा खालच्या कॉलेजला, पण मिळवली. आणि प्रवेश सगळे आटोपल्यावर, नोव्हेंबरमध्ये, समितीचा मेसेज आला की प्रमाणपत्र तयार आहे!!

बरं, गेलेली सीट गेली, त्यावर आम्ही रडत बसलो नाही. ती आता दुसऱ्या कुणाची आहे, ती परत मागण्यात काही अर्थपण नाही, कॅप संपल्यावर ते कॉलेजच काय कुणीच देऊ शकत नाही. आमचं म्हणणं फक्त फीचं आहे, आणि इथेच त्या ऑफिसमधल्या लोकांच्या डोक्यात काहीतरी अडकलंय.

सांगते. अलॉटमेंट लेटरवर दोन वेगवेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक म्हणजे सीट कुठल्या कोट्यातली, जसं याच्या लेटरवर `GOPENH` आहे, ओबीसीची असती तर `GOBCH` आलं असतं. आणि दुसरी म्हणजे मुलगा स्वतः कुठल्या प्रवर्गाचा. ओपनच्या सीटवर मेरिटने बसलेली ओबीसी, एससी, एनटीची पोरं प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांना फीची सवलत मिळते, कारण सवलत मुलाच्या प्रवर्गावर आणि उत्पन्नावर असते, सीटच्या कोडवर नसते. याच्याच वर्गात असा एक मुलगा आहे, सीट ओपन, प्रवर्ग ओबीसी, निम्मी ट्यूशन फी भरून मोकळा झालाय. त्याच्यात आणि माझ्या भावात फरक एवढाच की त्याच्या समितीने कागद वेळेत दिला.

आता हा फरक पैशात बघा. आमच्या कॉलेजची वर्षाची फी 1 लाख 20 हजार, त्यातली ट्यूशन 1 लाख 8 हजार आणि बाकीची डेव्हलपमेंट. ओबीसी मुलाला ट्यूशनच्या निम्मे म्हणजे 54 हजार महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून सरकार देतं, डेव्हलपमेंट आपण पूर्ण भरायची. पहिल्या वर्षाचं काही झालं नाही असं धरलं तरी उरलेल्या तीन वर्षांचे होतात 1 लाख 62 हजार. पप्पांची टपरी आहे हो, आमच्या घरात हा आकडा मोठा आहे. क्लार्कला म्हटलं तर तो म्हणतो, "मॅडम तेवढ्यासाठी कशाला धावपळ करता."

तेवढ्यासाठी!

तर अर्ज. पहिल्यांदा गेले तेव्हा ऑफिसनेच एक छापील नमुना दिला, विषय: प्रवेश प्रवर्ग बदलून मिळणेबाबत. तसाच भरला, आणि आठवड्याने उत्तर मिळालं की प्रवेश प्रवर्ग बदलायचा अधिकार कॉलेजला नाही, कॅपचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलला आहे. अरे पण नमुना तुम्हीच दिलात ना? तोच अर्ज मग एचओडीमार्फत आणा म्हणाले. एचओडी म्हणाले याच्याशी माझा काय संबंध, बरोबरच आहे त्यांचं. मग अर्ज प्राचार्यांच्या नावाने नको, रजिस्ट्रारच्या नावाने पाहिजे. मग नॉन क्रिमीलेअर जुनं दिसतंय, नवीन आणा. ते तीन वर्षांचं आहे, वरच स्पष्ट लिहिलंय कुठल्या 31 मार्चपर्यंत चालतं, पण वाचायचंच नसेल तर कोण काय करणार. मग पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र द्या की मी पुन्हा प्रवर्ग बदलणार नाही. म्हणजे काय? माझा भाऊ दर सेमिस्टरला जात बदलतो का?

शेवटी ओळखीतल्या एकांनी सांगितलं, ते स्वतः दुसऱ्या कॉलेजच्या विद्यार्थी विभागातून रिटायर झालेत. म्हणाले, ताई तो विषयच काढून टाक, तो विषय वाचला की समोरचा सीईटी सेलचं नाव घेऊन फाईल बंद करतो. तू सीट मागतच नाहीस, तर प्रवेश हा शब्दच कशाला लिहितेस? मग रात्री बसून नवीन अर्ज लिहिला. विषय: जात वैधता प्रमाणपत्र अभिलेखावर घेऊन सामाजिक प्रवर्ग इमाव नोंदवणे व त्यानुसार शुल्क आकारणेबाबत. इमाव म्हणजे सरकारी भाषेत ओबीसी. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की विद्यार्थ्याचा प्रवेश खुल्या जागेवर गुणवत्तेनुसार झालेला आहे, तो तसाच राहू द्यावा, राखीव जागेवर त्याचा कोणताही दावा नाही. मग तारखांनिशी लिहिलं की समितीकडे अर्ज कधी केला, पावती नंबर काय, त्रुटी कधी आली, पूर्तता कधी केली, प्रमाणपत्र कुठल्या तारखेचं आहे, म्हणजे उशीर कुणाकडून झाला ते वाचणाऱ्याला दिसेल. आणि मागण्या तीनच: कॉलेजच्या रजिस्टरला आणि विद्यापीठाच्या पात्रता नोंदीत प्रवर्ग इमाव करा, महाडीबीटीचा अर्ज कॉलेज लॉगिनवरून नाकारू नका, आणि दुसऱ्या वर्षापासून फी त्याप्रमाणे घ्या. यातलं काही जमणार नसेल तर कोणत्या नियमाने जमणार नाही ते लेखी कळवा. प्रत तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयाला.

ती प्रतीची ओळ वाचल्यावर क्लार्कचा चेहरा जरा बदलला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पण तरी आवक नंबर द्यायला तयार नव्हता. ठेवून जा, बघतो. मी म्हटलं नंबर आणि शिक्का मिळाल्याशिवाय हलणार नाही, कारण आधीचे दोन्ही अर्ज त्यांच्याकडे "सापडत नाहीत". तासभर उभं केलं, मग दिला.

आणि आता नवीन नाटक. म्हणे प्रमाणपत्राची तारीख प्रवेशाच्या तारखेनंतरची आहे, म्हणजे प्रवेशाच्या दिवशी तो ओबीसी नव्हता. हे ऐकून मला खरंच दोन मिनिटं काही बोलता येईना. तो काय नोव्हेंबरमध्ये माळी झाला? जात जन्मापासूनची, दाखला तहसीलचा आधीचा, समितीने फक्त तपासून खरं आहे म्हटलं. पात्रता असणं वेगळं आणि तिचा पुरावा उशिरा येणं वेगळं, हे सुप्रीम कोर्टाने 1980 सालीच सांगितलंय, चार्ल्स स्कारियाच्या केसमध्ये, केरळच्या मेडिकल पीजी प्रवेशात डिप्लोमाचे जादा मार्क आणि अर्जासोबत न जोडलेलं सर्टिफिकेट असा वाद होता. आता याच्या जोरावर गेलेली कॅपची सीट परत मिळत नाही, तिथे शेवटची तारीख नियमातच असते, ते मला मान्य आहे, पण आम्ही सीट मागतोय का?

खरं कारण काय असेल ते मला कळतं. सरकारकडून येणारे ते 54 हजार कॉलेजला वेळेवर मिळत नाहीत, कधी वर्ष उलटतं, आणि ओपनचा मुलगा पूर्ण रक्कम पहिल्या दिवशी काउंटरवर मोजतो. शिवाय उद्या ऑडिटवाल्याने विचारलं की अलॉटमेंटला ओपन आणि महाडीबीटीला ओबीसी कसा, तर फाईल काढून उत्तर द्यायला लागेल, ते कोण करणार? मग त्यापेक्षा पोराच्या बापाला फिरवलेलं सोपं. बरं, असं असेल तर तसं तोंडावर सांगा ना, नियमाचं नाव कशाला पुढे करता? आणि समितीच्या उशिराबद्दल समितीला कुणी एक अक्षर विचारत नाही हे आणखी वेगळंच. उशीर त्यांचा, आणि शिक्षा आम्हाला.

महाडीबीटीची तारीख डोक्यावर आहे. सोमवारी परत जातेय, पप्पांना नाही पाठवणार, ते समोरचा साहेब म्हणाला की मान डोलावून परत येतात. आवक नंबर आहे, वर्गातल्या त्या दुसऱ्या मुलाने त्याची फीची पावती झेरॉक्स करून दिलीय, ती त्यांच्या टेबलावर ठेवणार आणि विचारणार की याला कोणत्या नियमाने दिलं ते लिहून द्या, मग आम्हाला कोणत्या नियमाने देत नाही ते त्याच्याच खाली लिहा आणि सही करा. लेखी नाही दिलं तर तिथूनच विभागीय कार्यालयाची बस पकडणार आहे.