फोटोतला किडा निर्दोष आहे, फोड आणणारा दुसराच

"घरात हा किडा दिसला तर हाताने मारू नका, हातही लावू नका. याच्या पाठीवरच्या दाण्यांत व्हायरस आहे, तो काही मिनिटांत सगळ्या शरीरात पसरतो. हात कसा झालाय ते दुसऱ्या फोटोत बघा. हा किडा भारतात पहिल्यांदाच दिसला आहे. सगळ्या ग्रुपवर पाठवा, घरात लहान मुलं असतील तर नक्की."

पाऊस सुरू झाला की हा मेसेज इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरायला लागतो. लोकमान्यनगरातून सुदामानगरात, तिथून पुण्याच्या नातेवाइकांकडे आणि फिरून परत इथे. त्यातलं जवळजवळ सगळं चूक आहे. एकच वाक्य बरोबर आहे, पण ते भलत्याच फोटोखाली लिहिलंय.

आधी पाठीवरचे दाणे. ती अंडी आहेत आणि ज्याच्या पाठीवर आहेत तो नर आहे. ढेकणाच्याच गणातला, तळ्या-डबक्यात राहणारा हा किडा. आपल्याकडे त्याच्या डिप्लोनिकस वंशातल्या जाती सर्रास आढळतात, साधारण दीड ते दोन सेंटिमीटरच्या. मादी आपली अंडी नराच्या पाठीवर चिकटवते आणि निघून जाते. मग पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो बिचारा ती वागवत हिंडतो, मधून मधून पाण्याच्या वर आणून त्यांना हवा देतो. फोटोत किळस येते ती या बापपणाची. अंड्यांत पिल्लं असतात, व्हायरस नव्हे.

हा किडा उडतो, आणि रात्री दिव्याकडे ओढला जातो. धार रोडला सिरपूरचं तळं आहे, तेच जे 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं. अशा तळ्याजवळच्या कॉलनीत पावसाळी रात्री असा एखादा पाहुणा गॅलरीच्या ट्यूबलाइटखाली आपटला तर त्यात नवल काही नाही. तळ्यात तो डासांच्या अळ्या खातो, म्हणजे खरं तर तो आपल्याच बाजूचा. मुठीत दाबून धरलात तर सोंडेने डसेल आणि चांगलंच दुखेल. पण हे दुखणं त्याच्या चाव्याचं आहे. नुसता हात लावल्याने काहीही होत नाही. याचाच एक मोठा भाईबंद मणिपूरमध्ये आणि थायलंडमध्ये लोक आवडीने खातात.

भारतात पहिल्यांदा दिसल्याची बातमीही अशीच. यातली एक जात शास्त्रज्ञांनी अठराव्या शतकातच नोंदवून ठेवली आहे. नवीन फक्त मेसेज आहे.

आता ती "काही मिनिटं". व्हायरस अंगावर पडून पसरत नसतो. त्याला आधी जिवंत पेशीत शिरावं लागतं, तिथे स्वतःच्या प्रती काढाव्या लागतात, मग पुढची पेशी. डेंगीचा डास चावल्यावर ताप यायला साधारण 4 ते 10 दिवस जातात, आणि तो तर थेट सुई खुपसून आत सोडलेला व्हायरस. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, आणि त्वचा धड असेल तर तिथून आत शिरणं व्हायरसला सहसा जमत नाही. मिनिटांत सगळं अंग व्यापणारा व्हायरस कुठल्याच किड्यात नाही.

आणि दुसऱ्या फोटोतला तो भोकाभोकांचा हात? इंदूरजवळ गुलावतला कमळं बघायला गेला असाल तर तिथे फुलं गळून गेल्यावर उरणारं कमळाचं बोंड पाहिलं असेल, चपटं, भोकं पडलेलं, प्रत्येक भोकात एक बी. असंच बोंड कॉम्प्युटरवर हातावर चिकटवून असली चित्रं तयार करतात. खात्री करायची असेल तर फोटो मोठा करून भोकांच्या कडा बघा. सगळी भोकं सारखी, कडा कोरीव, आजूबाजूला लाली नाही, सूज नाही, बोटं निरोगी. कातडीला इतकी इजा झाली असती तर भोवतालचं मांस असं शांत बसलं नसतं.

मग घाबरायचं काहीच नाही का? आहे, आणि म्हणूनच मला या मेसेजचा राग येतो. "हाताने मारू नका" हे वाक्य ज्या किड्याला शंभर टक्के लागू आहे, त्याचा फोटो मेसेजमध्ये नाही. लोक निरुपद्रवी पाणकिड्याला बघून किंचाळतात आणि मानेवर चालणारा दुसरा किडा सवयीने चापटीने चिरडतात.

त्या दुसऱ्याचं नाव पीडरस. काही जण त्याला ऍसिड फ्लाय किंवा नैरोबी फ्लाय म्हणतात, पण ती माशी नाही, भुंगेऱ्यांच्या जातीचा किडा आहे. तांदळाच्या दाण्याएवढा लांब आणि त्याहून बारीक. ओलसर शेतात राहतो, इतर किडे खातो, शेतकऱ्याच्या दृष्टीने उपयोगीच. पावसाळ्यात तोही दिव्याकडे येतो. तो डसत नाही, नांगी मारत नाही. त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचं जहाल रसायन असतं, आणि किडा चिरडला की ते कातडीवर पसरतं. जुलै 2022 मध्ये सिक्कीममधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शंभराच्या आसपास विद्यार्थ्यांना याचाच त्रास झाला होता.

फोटोवरून हे दोघे ओळखायचे कसे, ते माझ्या मावसबहिणीने पाठवलेल्या फोटोंवर दाखवतो. ती सुदामानगरात राहते. मेसेज वाचून घाबरली आणि रात्री पडद्यावरच्या दोन किड्यांचे फोटो पाठवून विचारलं, "दादा, यातला तो व्हायरसवाला कुठला?"

पहिल्या फोटोत तपकिरी, चपटा, लांबट गोल किडा. पाठीवर अंडी नव्हती, त्यामुळे ती त्याला झुरळ समजत होती. झुरळाच्या मिशा लांब, दोऱ्यासारख्या आणि सतत हलणाऱ्या असतात. याला वरून मिशा दिसतच नव्हत्या, कारण पाणकिड्याच्या मिशा आखूड असतात आणि डोक्याखाली दडलेल्या असतात. पुढचे दोन पाय आत वळलेले, काही पकडायला निघाल्यासारखे, मागचे चपटे आणि कडेला केस असलेले, वल्ह्यासाठी. आणि पाठ मोठी करून पाहिली तर शेपटीकडे दोन्ही पंख एकमेकांवर तिरके चढलेले. पाण्यातले भुंगेरे याच आकाराचे असतात, पण त्यांच्या पाठीवरची दोन कठीण झाकणं मधोमध सरळ रेषेत मिळतात. तिरकी चढण म्हणजे ढेकणाचा गण, सरळ शिवण म्हणजे भुंगेरा. फोटो जरा धूसर असला तरी एवढं बहुतेक वेळा दिसतं. अंडी नसण्याचं म्हणाल, तर माद्यांच्या पाठीवर ती कधीच नसतात आणि नरांच्याही नेहमी नसतात. झुरळाची मादी अंड्यांची एक डबी शेपटीच्या टोकाला धरून फिरते, पाठीवर दाणे कधीच नाहीत.

दुसऱ्या फोटोत तिला वाटत होती ती "लाल मुंगी". मी तिला फोटो मोठा करून डोक्यापासून शेपटीपर्यंत रंग वाचायला सांगितले. काळं डोकं, नारिंगी मान, मग मधे गडद निळा पट्टा, मग नारिंगी पोट आणि शेवटी काळं टोक. हा क्रम जुळला की विषय संपला, पीडरस. निळा पट्टा म्हणजे त्याच्या पंखांवरची आखूड झाकणं. त्यांच्याखाली पंख घडी करून ठेवलेले असतात आणि मागचं पोट उघडंच राहतं. फ्लॅशमध्ये तो निळा बऱ्याचदा निव्वळ काळा दिसतो, म्हणून एक फोटो फ्लॅश बंद करून घ्यायचा आणि शेजारी पट्टी धरायची. मुंगीला कंबर असते, एकदम बारीक, आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. पीडरसला कंबर नाही, मिशा सरळ. शेपटीला चिमटा असलेला जो किडा मोरीत दिसतो, तो वेगळा आणि निरुपद्रवी. पीडरसला चिमटा नसतो. आणि हलताना पाहायला मिळाला तर आणखी सोपं: डिवचला की हा शेपूट विंचवासारखं वर करतो.

तिच्या मुलाच्या मानेवर दोन दिवसांनी लालसर आडवी रेघ उठली, वर बारीक फोड, आग आग. शेजारच्या काकूंनी लगेच निदान केलं, नागीण. हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की त्यावर थोडं थांबतो. नागिणीत पुरळ येण्याआधीच त्या जागी दुखायला लागतं, पुरळ अंगाच्या एकाच बाजूला, नसेच्या पट्ट्यात येतं आणि ती मोठ्या माणसांत जास्त दिसते. पीडरसचा फोड उघड्या भागावर येतो, मान, चेहरा, हात. किडा जसा घासला गेला तशी रेघ उमटते. किडा चिरडल्यावर लगेच फारसं काही होत नाही, फोड दिसायला एक ते दोन दिवस लागतात, म्हणून लोकांना किडा आठवतही नाही. कोपराच्या आतल्या बाजूला चिरडला गेला तर हात दुमडल्यावर समोरच्या कातडीलाही तोच डाग लागतो आणि दोन जुळे फोड उठतात. नागीण असं करत नाही. तरीही फोटो पाहून घरी निकाल लावू नका, पुरळ डॉक्टरांना दाखवा, आणि "रात्री मानेवर काहीतरी चिरडलं होतं" हे सांगायला विसरू नका.

अंगावर पीडरस दिसला तर फुंकर मारा किंवा कागदावर चढू द्या. चुकून चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा, हातही धुवा आणि तोवर डोळ्याला हात लावू नका. डोळ्यात हे रसायन गेलं तर वाट न बघता डॉक्टरकडे जायचं. फोड आले तर गार पाण्याची घडी ठेवा, फोडू नका. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत बरं होतं, काळपट डाग मात्र काही काळ राहतो. स्प्रे मारून मारलात तरी मेलेल्या, वाळलेल्या किड्यातही पेडेरिन टिकतं, तेव्हा पडलेला किडा बोटाने उचलू नका. संध्याकाळनंतर गॅलरीची पांढरी ट्यूब बंद ठेवली तर येण्याचं प्रमाण कमी होतं.

फोटोची मर्यादाही सांगून ठेवतो. पेडेरिन मुख्यतः माद्यांत असतं, त्यांच्या शरीरातल्या जिवाणूंमुळे. नरांत ते फार थोडं असतं. पण नर कोण आणि मादी कोण, हे मोबाईलच्या फोटोत कळत नाही. तेव्हा रंगांचा क्रम जुळला की पुढचा तपास करू नका, कागद आणा.