एकही चौकोन रिकामा नको

सोमवारी आमच्या तक्रार विभागात नवी मुलगी रुजू होणार, असं एचआरने कळवलं आणि सोबत एक्सेलचा तक्ता धाडला. तिच्या पहिल्या आठवड्याचं नियोजन मी करायचं. रोज साडेनऊ ते सहा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन, आणि तळाला टीप : 'एकही चौकोन रिकामा ठेवू नये.'

आम्ही जळगावच्या एमआयडीसीत ठिबकचं सामान बनवतो. पाणी आलं नाही की शेतकरी ज्या नंबरवर तोंडसुख घेतात, तो माझ्या टेबलाशेजारी वाजतो. कोण कशासाठी फोन करतं हे कळायला तिला वेळ लागणार, म्हणून मी चौकोन मुद्दाम मोकळे सोडत होतो.

नमुना म्हणून दुसऱ्या विभागाचा तक्ता आला होता. त्यात सोमवारी दिवसभर ओळखी. '११.०० : पाटील साहेबांशी चर्चा.' खानदेशातल्या ऑफिसात नुसतं 'पाटील' लिहिणं म्हणजे पत्त्यावर नुसतं 'महाराष्ट्र' लिहिणं. आमच्याकडे स्टोअरला पाटील, डिस्पॅचला पाटील, अकाउंटला पाटील आणि गेटवरही पाटील. मी ओळखी आठवडाभर पांगवल्या आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलं : खराब फिल्टर बदलून देणारे पाटील, गाडी कुठे अडकली ते सांगणारे पाटील. काम पडलं की माणूस लक्षात राहतो.

खरा घोळ लॉगिनचा. आयटीवाले म्हणाले, "कर्मचारी क्रमांक द्या, दोन दिवसांत करतो." एचआर म्हणालं, "क्रमांक जॉइनिंग फॉर्म भरल्यावर पडतो." फॉर्मची लिंक जाते कंपनीच्या ईमेलवर आणि ईमेल देतात आयटीवाले. होकार आला त्या दिवशीच क्रमांक काढून ठेवा, असं मी सुचवलं. "छान कल्पना आहे सर, पुढच्या वेळेपासून," असं उत्तर आलं. म्हणून पहिल्या दोन दिवसांत लॉगिन लागेल असं एकही काम मी ठेवलं नाही. सोमवारी पॅन, आधार, पीएफचा ११ नंबरचा फॉर्म, आणि मग आमच्या जुन्या ताईंशेजारी दुसरा हेडफोन लावून नुसतं ऐकणं. मंगळवारी ऐकून प्रत्येक फोनच्या तीन ओळी वहीत : शेतकरी काय म्हणाला, आपण काय विचारलं, निघालं काय.

तक्ता परत आला. 'मोकळ्या चौकोनांचा खुलासा करावा.' मी सगळीकडे 'आत्मसातीकरण' टाकलं. लगेच मंजूर झाला.

मंगळवारी रावेरकडून एका केळीवाल्याचा फोन आला. "भाऊ, शेवटल्या वळीले पानीच येत नही!" ताईंनी फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या गेजवरचा दाब विचारला. आत २, बाहेर १.२. फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायचा, हा आमचा नियम. "कालच धुतला ना ताई!" तो चिडला. म्हणून बुधवारच्या शेतभेटीत त्याचंच शेत घेतलं. मे महिना, म्हणून निघायची वेळ सकाळी सहा. त्यावर ॲडमिनची शंका : मग साडेनऊचं पंचिंग कोण करणार?

भुसावळ, सावदा करत आम्ही पोचलो. मी फिल्टर उघडायला लागलो, तर मुलगी म्हणाली, "सर, पंप बंद आहे ना? मग बाहेरचा काटा १.२ वर कसा?" पंप बंद असताना काटा शून्यावर यायला हवा. गेजच अडकलेला होता. मग शेवटच्या नळ्यांची टोकं उघडून पंप लावला, तर चहासारखा गढूळ गाळ बाहेर आला. गाळ टोकाला जाऊन बसतो, म्हणून तहानते ती शेवटची ओळ. ठिबक बसवल्यापासून ही टोकं कोणी उघडलीच नव्हती. फिल्टर बिचारा निर्दोष सुटला.

शेतकरी खूश. "बट्टी खाल्ल्याबिगर जाऊ नका." वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वरून तूप. नको म्हणायची सोय नव्हती. तक्त्यात त्या दिवशी तीन वाजता 'कंपनी धोरणांचं सादरीकरण' होतं, ते एचआरने स्वतः घातलेलं. बट्टीनंतर, मेच्या दुपारी, पडदे ओढून. पहिल्या पाच मिनिटांतच आत्मसातीकरण सुरू झालं. तिचं नव्हे, माझं.

गुरुवारी लॉगिन आलं. तिने पहिली नोंद रावेरचीच केली आणि आमच्या प्रश्नांच्या यादीत भर घातली : 'पंप बंद केल्यावर काटा कुठे थांबतो?' तोवर ही यादी कोणी वाचत होतं असं मला वाटत नाही.

शुक्रवारी अर्धा तास तिच्यासाठी राखून ठेवला होता. 'कसं वाटतंय' विचारलं की सगळे 'छान' म्हणतात, म्हणून मी विचारलं, "इथे कोणती गोष्ट विचित्र वाटली?"

"सर, ओळखपत्र नाही म्हणून गेटवरचे पाटीलकाका रोज व्हिजिटर रजिस्टरमध्ये सही घेतात. 'कोणास भेटायचे' तिथे काय लिहायचं ते कळेना, मग मी माझंच नाव लिहिते."

मी खाली जाऊन रजिस्टर पाहिलं. तिच्या प्रत्येक नोंदीपुढे काकांनी इमानदारीने शेरा मारला होता : 'भेट झाली.'