सगळं चारने भागा

कोथरूडच्या टू बीएचकेत चौघं राहता? मग खर्चाची वाटणी हा प्रश्नच नाही. सगळं चारने भागा. एवढं न्याय्य दुसरं काही नाही, हे मी अनुभवाने सांगतो. एसी माझ्या खोलीत आहे.

सुरुवात किराण्यापासून करा. बिलाचा फोटो त्याच संध्याकाळी काढायची घाई नको. दुकानातलं ते गुळगुळीत बिल शाईने छापलेलं नसतं, उष्णतेने उमटलेलं असतं. आठवडाभर स्कूटरच्या डिकीत राहू द्या. उन्हाने त्याच्यावरचे आकडे हवे तितके लवचिक होतात. काढायचाच झाला तर ट्यूबलाइटखाली, घडी न उलगडता काढा. लांबलचक बिल असेल तर दोन फोटो घ्या, म्हणजे मधली एखादी ओळ दोन्हींत येते आणि तूरडाळ दोनदा विकत घेतल्याचं समाधान मिळतं.

आमच्याकडे एक काटेकोर प्राणी आहे. त्याने परवा फोटोवरून एकेक ओळ वहीत उतरवली. बेरीज आली 1,398. बिलाच्या तळाशी मात्र 1,486. मी म्हटलं, अरे, 88 रुपयांसाठी कशाला जीव काढतोस, जीएसटी असेल. तो म्हणे, छापील किमतीत जीएसटी आधीच धरलेला असतो. मग त्याने तळाशी छापलेले एकूण नग पाहिले: 17. वहीत 16. घडीखाली पनीर सापडलं, 88 रुपयांचं. अशी माणसं घरात ठेवू नयेत.

त्याच बिलात 90 रुपयांची अंडी होती, ती एकटा खातो. 199 चा फेसवॉश होता, तो एकटा लावतो (मी). त्याने दोन्ही वजा केले, उरले 1,197, म्हणजे प्रत्येकी 299 रुपये 25 पैसे. माझ्या पद्धतीने 371.50 येतात. शिवाय तिघांचे चेहरे कोरडे राहतात आणि एक शाकाहारी मुलगा न खाता अंड्यांचे साडेबावीस रुपये भरतो. पण त्या पद्धतीत वही लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

आता लाइट बिल. इथे मात्र डोळ्यांत तेल घालून दुर्लक्ष करा. मार्चमध्ये आमचे 180 युनिट झाले, बिल 1,900. मे महिन्यात एसी चालला, 320 युनिट, बिल 3,860. चारने भागले की प्रत्येकी 965, विषय संपला. काटेकोर प्राण्याने आक्षेप घेतला तेव्हा मी उदारपणे तडजोड सुचवली: 320 पैकी 140 युनिट जास्तीचे, म्हणजे बिलाचा तेवढाच हिस्सा, साधारण 1,690, आमच्या खोलीचा. दिसायला किती रास्त! पण त्याने बिलाची मागची बाजू वाचली होती. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिले शंभर युनिट स्वस्त, तीनशेपर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. एसीचे युनिट वरच्या टप्प्यांत जाऊन बसतात. तेव्हा सरासरी दर लावायचा नाही, दोन बिलांतला फरकच घ्यायचा: 1,960. तो खोलीतल्या आम्हा दोघांचा. उरलेले 1,900 चौघांचे. म्हणजे आम्ही प्रत्येकी 1,455 आणि ते प्रत्येकी 475.

मी लगेच म्हटलं, मेमध्ये पंखे आणि फ्रिजही जास्त चालतात, सगळा फरक एसीचा कसा? हे खरं होतं, आणि दुर्दैवाने त्याने मान्यही केलं. एसीच्या वायरीवर छोटा सब-मीटर बसवू, म्हणाला, म्हणजे वादच नको. सब-मीटर बसला तर काय दिसेल याची मला पूर्ण कल्पना होती, म्हणून मी घरमालकाची परवानगी लागेल असं सांगून विषय पुढे ढकलला. घरमालकाला अजून विचारलेलं नाही.

भाड्याचं विचारूच नका. 28,000, दोन खोल्या. आमच्या खोलीला बाल्कनी आणि स्वतंत्र बाथरूम, त्यांच्या खोलीला शेजारच्या इमारतीचा पाइप. त्यांनी सुचवलं की एका जोडीने दोन्ही खोल्यांचे भाव ठरवावेत, बेरीज 28,000 व्हावी, आणि दुसऱ्या जोडीने आधी खोली निवडावी. भाव ठरवणारा मग लबाडी करूच शकत नाही, कारण स्वस्त लावलेली खोली समोरचा उचलतो. आम्ही 14-14 हजार लावले आणि विसरलो की निवड त्यांची आहे. बाल्कनीत कपडे वाळत घालायला त्यांचा पहिला हात गेला तेव्हा मी ही पद्धत अशास्त्रीय असल्याचं जाहीर करून मोडीत काढली.

असो. सध्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत. खोली शांत आहे, पाइपचा आवाज फक्त सकाळी. लाइट बिल चारने भागून.