नॉर्मल रिपोर्ट काय सांगत नाहीत

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे दोघांतही दोष नाही," हे मूल न होणाऱ्या जोडप्यांवरील लेखातील विधान पटले नाही. बीज वेळेवर सुटते का, गर्भनलिका मोकळ्या आहेत का आणि शुक्राणू पुरेसे व हालचाल करणारे आहेत का, एवढेच या तपासण्या सांगतात. शुक्राणू बीजात शिरतो का, हे त्यांपैकी एकीलाही दिसत नाही. माझ्या बहिणीला आधी सोनोग्राफीवर बीजाची वाढ पाहून संबंधांचे दिवस सांगितले गेले, मग गोळ्यांसह आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणे, झाले, आणि अखेर आयव्हीएफ, म्हणजे बीजे व शुक्राणू शरीराबाहेर प्रयोगशाळेत एकत्र ठेवणे, केले तेव्हा पक्व बीजांपैकी एकाचेही फलन झाले नाही. दोष प्रथम दिसला तो प्रयोगशाळेत; पुढच्या खेपेस इक्सीने, म्हणजे प्रत्येक बीजात एकच शुक्राणू सुईने सोडून, गर्भ तयार झाले.

म्हणून सर्वांनीच थेट आयव्हीएफ गाठावे, असे नाही. स्त्रीचे वय तिशीच्या आसपास असून प्रयत्नांना दोन वर्षेही झाली नसतील, तर आपोआप गर्भ राहण्याची शक्यता बरीच उरते, आणि दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असतील तर तारखा ठरवून देण्याने (ताण वाढतो तेवढा) फारसा फरक पडत नाही. अडतिशीत मात्र त्याच पायऱ्यांवर वर्ष घालवणे महागात पडते, कारण तोवर बीजांची संख्या आणि दर्जा दोन्ही घटतात.